अंतर्गत समितीच्या वार्षिक अहवालाचा सारांश : आकडे द्यावेत, ओळख नव्हे

कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ रोखण्यासाठी २०१३ साली केलेल्या कायद्यानुसार अंतर्गत समिती दर वर्षाचा अहवाल मालक व जिल्हा अधिकाऱ्यांकडे पाठविते. रुग्णालयाच्या वा महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालातही तक्रारींची संख्या व त्यांचा निकाल द्यावा लागतो. मात्र त्याच कायद्याचे कलम १६ तक्रारदार, प्रतिवादी व साक्षीदार यांची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करते. केवळ नाव गाळले म्हणजे ही अट पाळली गेली, असा समज आमच्या व्यवसायबंधूंत आढळतो. तो अपुरा आहे.

चाळीस कर्मचाऱ्यांच्या एका काल्पनिक रुग्णालयाचे उदाहरण घेऊ. आरंभी प्रलंबित १, वर्षात आलेल्या ४, निकाली ३, वर्षअखेर प्रलंबित २, त्यांपैकी नव्वद दिवसांहून जुनी १. आरंभीची शिल्लक व नव्या तक्रारी यांची बेरीज निकाली व प्रलंबित यांच्या बेरजेइतकी (येथे ५) आलीच पाहिजे. न आल्यास एखादे प्रकरण नोंदीतून निसटले आहे. जुन्या प्रकरणाचा आकडा १ असला तरी तो द्यावा, कारण तो समितीच्या कामाच्या गतीविषयी आहे.

आता चार तक्रारींपैकी शाब्दिक ३ व शारीरिक १ असून शेवटचीपुढे ‘पंचकर्म विभाग, बदली’ असे लिहिले, तर त्या वर्षी पंचकर्मातून कोणाची बदली झाली हे औषधालयातला मदतनीसही सांगेल. म्हणून विभाग व पद मुळीच देऊ नये. प्रकार आणि निकाल एकाच तक्त्यात जोडू नयेत. शारीरिक हा रकाना कोरा ठेवूनही भागत नाही, कारण एकूण चारातून तीन वजा करणे कोणालाही जमते. अशा वेळी एवढेच लिहावे : ‘तक्रारी ४, त्यांत शाब्दिक व शारीरिक दोन्ही प्रकार होते.’

मग प्रकारवार आकडे द्यायचेच नाहीत काय? तीन वर्षांचे एकत्र द्यावेत, समजा एकूण ११, पैकी शाब्दिक ७ व शारीरिक ४. निकालांचेही तसेच. परंतु ही बेरीज तीन वर्षांतून एकदाच करावी. दरवर्षी एक वर्ष सरकवून नवी बेरीज छापल्यास दोन बेरजांतील फरक जाणकाराला पुन्हा एकेका प्रकरणापर्यंत पोचवितो.

निकालांच्या शब्दयोजनेत आम्हांस एक चूक विशेष खटकते. तक्रार सिद्ध न होणे म्हणजे ती खोटी असणे नव्हे. कलम १४ हे स्पष्ट सांगते. ‘समेट’, ‘सिद्ध’ व ‘सिद्ध न झालेली’ असे तीन वर्ग ठेवावेत. ‘खोटी’ हा शब्द, समितीने द्वेषबुद्धीची स्वतंत्र चौकशी करून तसा निष्कर्ष काढला नसेल, तर सारांशात येऊ नये.