आठ इंची केकला बटर किती, आयसिंग शुगर किती?

सहा इंची केकची रेसिपी हातात असते आणि ऑर्डर येते आठ इंचीची. केकचे मिश्रण वाढवायचे कसे हे बहुतेक घरगुती बेकरना माहीत असते, अडचण होते ती बटरक्रीमची. अंदाज चुकला तर एका बाजूचा केक उघडा राहतो, नाहीतर भांडेभर क्रीम उरते. हा अंदाज केकच्या व्यासावरून बऱ्यापैकी नेमका बांधता येतो.

साध्या बटरक्रीममध्ये वजनाने एक भाग बटर आणि दोन भाग आयसिंग शुगर असते. सैल करायला चमचा-दोन चमचे दूध लागते. प्रमाण ठरलेलेच असल्यामुळे प्रश्न उरतो तो एकूण क्रीम किती लागेल एवढाच, आणि त्याचे उत्तर केकच्या पृष्ठभागात आहे.

आठ इंची, म्हणजे सुमारे २० सेंटिमीटर व्यासाचा दोन थरांचा केक घेऊ. रचल्यावर त्याची उंची १० सेंटिमीटर भरते. क्रीम तीन ठिकाणी लागते: दोन थरांच्या मधे, वरती आणि कडेने. मधली आणि वरची गोल जागा प्रत्येकी ३१४ चौरस सेंटिमीटर आहे. कडेचा पट्टा उलगडून सरळ पसरला तर तो ६२८ चौरस सेंटिमीटर होतो, म्हणजे कडेलाच निम्मी क्रीम जाते. एकूण जागा १२५६ चौरस सेंटिमीटर. क्रीमचा थर अर्धा सेंटिमीटर धरला, तर सुमारे ६३० मिलिलिटर क्रीम हवी.

फेटलेल्या क्रीममध्ये हवा असल्याने तिचे वजन मिलिलिटरमागे एका ग्रॅमपेक्षा थोडे कमीच भरते. तरी हिशेबाला एक ग्रॅम धरावे. भांड्याला, स्पॅच्युलाला आणि पायपिंग बॅगेला चिकटून राहणाऱ्या क्रीमसाठी आणखी पाचवा हिस्सा घालावा. असे सुमारे ७५० ग्रॅम होतात: २५० ग्रॅम बटर आणि ५०० ग्रॅम आयसिंग शुगर. वरती गुलाबाची फुले किंवा जाड बॉर्डर काढायची असेल, तर ती क्रीम यात धरलेली नाही.

आता सहा इंचीकडे येऊ. उंची तीच ठेवली, तर त्याच हिशेबाने १६५ ग्रॅम बटर आणि ३३० ग्रॅम साखर लागते. दहा इंचीला साधारण ३५० आणि ७००. चूक होते ती इथेच. सहावरून आठवर जाताना व्यास १.३३ पट होतो. तेवढीच पट क्रीम केली तर ती कमी पडते. केकच्या मिश्रणासारखी व्यासाच्या वर्गाने, म्हणजे १.७८ पट केली तर उरते. खरी गरज दीडपटीच्या आसपास असते, कारण गोल भाग वर्गाने वाढतो आणि कडेचा पट्टा मात्र व्यासाच्याच प्रमाणात.

कुठल्याही मापाच्या दोन थरांच्या केकसाठी कागदावर हे असे मांडता येते: व्यासाच्या निम्म्यात उंची मिळवायची, मग त्याला व्यासाने आणि ३.१४ ने गुणायचे. मापे सेंटिमीटरमध्ये घेतली की चौरस सेंटिमीटर जागा मिळते. तिच्या निम्मे म्हणजे मिलिलिटरमध्ये क्रीम. तिसरा थर असेल तर मधली आणखी एक गोल जागा मिळवायची. आठ इंची केकची उंची तेवढीच ठेवून तीन थर केले, तर बटर ३१५ ग्रॅमच्या आसपास जाते आणि साखर ६३०.

प्रमाण बरोबर असूनही क्रीम बिघडते ती बहुधा बटरच्या तापमानामुळे. बटर बिनमिठाचे घ्यावे. ते बोटाने दाबल्यावर खळगा पडेल इतपत मऊ हवे, वितळलेले नको. क्रीम फेटताना चकचकीत आणि तेलकट दिसू लागली, स्पॅच्युलावरून ओघळू लागली, तर बटर फार गरम झाले आहे. अशा वेळी साखर ओतत राहिल्यास क्रीम फक्त जास्त गोड होते. भांडे दहा-पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा फेटले की ती सावरते. उलट ती दाणेदार, फाटल्यासारखी दिसली तर बटर थंड आहे. भांडे थोडा वेळ बाहेर ठेवून पुन्हा फेटावे. घरी मिक्सरमध्ये दळलेली साखर वापरत असाल तर ती बारीक चाळणीतून दोनदा चाळावी, नाहीतर जिभेला रवाळ लागते.

बटरमधली चरबी ३२ ते ३५ अंशांच्या सुमारास वितळते. म्हणून मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेल्या केकच्या कडा खाली सरकतात. अशा दिवसांत केक पातळ पहिला थर देऊन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा, मग उरलेली क्रीम लावावी. पहिला थर अर्ध्या सेंटिमीटरमध्येच धरलेला असल्याने त्यासाठी बटर वाढवावे लागत नाही. उरलेली क्रीम हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये आठवडाभर राहते. वापरण्याआधी ती बाहेर काढून मऊ होऊ द्यावी आणि पुन्हा फेटून घ्यावी.