शेवटची मॅच साडेसातला

डोंबिवलीतल्या एका आईने आठवीतल्या मुलाला पत्र लिहिलं. घरात रोज संध्याकाळी एकच वाद व्हायचा: आई म्हणायची, ‘आठ वाजले, ठेव तो फोन,’ आणि मुलगा म्हणायचा, ‘मॅच चालू आहे!’

दोघांचंही खरं होतं. बीजीएमआयमधली एरँगल नकाशावरची मॅच शेवटपर्यंत टिकलं तर अर्धा तास चालते. ती मध्येच थांबवता येत नाही. निघून गेलं तर रँक घसरते आणि टीममधल्या मित्रांच्या शिव्या खाव्या लागतात. उलट माइनक्राफ्ट एकट्याने खेळत असलं, तर कधीही बाहेर पडा, रचलेलं घर तसंच राहतं. दोन्हींना एकच नियम लावला की भांडण ठरलेलंच.

‘रोज दोन मॅच’ हा तोडगाही लंगडा. पॅराशूटमधून उतरल्या उतरल्या मेला, तर पाच मिनिटांत मॅच संपते आणि ‘ही धरायची नाही’ अशी वकिली सुरू होते. म्हणून आईने मॅच मोजल्या नाहीत, शेवटच्या मॅचची वेळ बांधली: ‘शाळेच्या दिवशी सात ते आठ तुझे. साडेसातनंतर नवी मॅच लावायची नाही. त्याआधी सुरू झालेली पूर्ण कर, मी मध्ये हाक मारणार नाही. माइनक्राफ्ट असेल तर आठला बंद.’

हाक न मारण्याचं वचन महत्त्वाचं. ऐन लढाईत कोथिंबीर आणायला पिटाळलेला मुलगा पुढचे सगळे नियम वाकवायला मोकळा होतो.

पत्रातली बाकीची कलमं छोटी होती. अपडेट दुपारीच उतरवून ठेवायचं, त्यात गेलेला वेळ भरून मिळणार नाही. यूसी विकत घ्यायचे तर आधी विचारायचं. यूपीआयचा पिन आईकडेच. नियम मोडला तर दुसऱ्या दिवशी खेळ बंद, फक्त एक दिवस. आठवडाभराची शिक्षा रागाच्या भरात सुनावली जाते आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून मागे घेतली जाते, हे बहुतेक घरांत होतं.

2021 मध्ये बीजीएमआय आला तेव्हा 18 वर्षांखालच्यांसाठी दिवसाला 3 तासांची मर्यादा घेऊन आला. शाळा, क्लास आणि जेवण सांभाळणाऱ्या मुलाला तीन तास म्हणजे फारच झाले. शिवाय वय खोटं टाकलं की तीही उरत नाही. तेव्हा गेमवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

मुलाने पत्र वाचून एकच हरकत घेतली: शुक्रवार कशात धरायचा? शनिवारी शाळा नसते. बरीच घासाघीस झाली. शेवटी आईने खाली पेनने जोडलं, ‘शनिवारी सुट्टी असेल तर शुक्रवारी शेवटची मॅच साडेआठला. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलू.’ दोघांनी सह्या केल्या.