दिवे लागतात, पण फोन चार्ज होत नाही

बीड जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत पत्र्याच्या घरात पूर्ण भरून ठेवलेल्या पॉवर बँकेतील लिथियम सेल लवकर जीर्ण होतो आणि त्याचा अंतर्गत रोध वाढतो. विश्रांतीत तो ३.६ व्होल्ट दाखवतो. स्मार्टफोनला १० वॅट देताना मात्र त्यातून सुमारे ३ अँपिअर प्रवाह ओढला जातो. रोध ०.३ ओहम असेल तर ०.९ व्होल्ट आतच खर्ची पडतात, दाब २.७ वर घसरतो आणि संरक्षक सर्किट पुरवठा तोडते. फोन काढताच दाब सावरतो, दिवे पुन्हा लागतात. बिचाऱ्या सर्किटला उगाच बोल लागतो! कमी प्रवाह घेणारा साधा बटणांचा फोन त्याच पॉवर बँकेवर चार्ज झाला, तर दोष बहुधा सेलचाच. न वापरताही ती आठवड्यात रिकामी होत असेल, तर आत गळती आहे. फुगलेली असल्यास पुन्हा चार्ज करू नये.