छत्तीस सेंटीमीटरचा हिशेब

आपल्याकडच्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसत आलेली एसएलआर रायफल चांगली सव्वा-हात दीड-हात नव्हे, तर तब्बल ११४ सेंटीमीटर लांब आहे. तिचीच ब्रिटिश बहीण, एल१ए१, ब्रिटनच्या पायदळाने तीसेक वर्षे वागवली. मोकळ्या रानात अशी लांबी कुणाला खुपत नाही. पण चिलखती गाडीच्या पोटात आठ-दहा सैनिक गुडघ्याला गुडघा लावून बसलेले असतात, मागचे दार उघडताच त्यांना धडाधड बाहेर पडायचे असते, आणि तिथे ही रायफल कधी दारात अडकते तर कधी शेजाऱ्याच्या हनुवटीला लागते. १९८५ मध्ये ब्रिटनने तिच्या जागी एल८५ आणली. तिची लांबी ७८.५ सेंटीमीटर. म्हणजे जवळपास ३६ सेंटीमीटर एका झटक्यात गायब.

गंमत पुढेच आहे. गोळी जिच्यातून धावते ती नळी एसएलआरमध्ये ५३ सेंटीमीटरची होती, एल८५ मध्ये ती ५२ च्या आसपास आहे. रायफल हातभर आखूड झाली आणि नळी जेमतेम बोटभरही कमी झाली नाही. मग कापले काय?

कापला तो दस्ता. नेहमीच्या रायफलीत क्रम असा असतो: पुढे नळी, मग बोल्ट आणि घोडा असलेला यंत्राचा भाग, त्याच्याखाली मॅगझिन, त्यामागे मूठ आणि चाप, आणि सर्वांत मागे खांद्याला टेकणारा दस्ता. या दस्त्याला बहुतेक वेळा दुसरे काही काम नसते. खांदा आणि चापावरचे बोट यांच्यात हाताला सोयीचे अंतर राहावे एवढ्यासाठी तो असतो. ही रिकामी जागा फुकट का घालवायची, हा बुलपप रचनेमागचा साधा प्रश्न. उत्तर असे की यंत्राचा भाग आणि मॅगझिन उचलून थेट दस्त्यात बसवायचे, आणि मूठ व चाप त्यांच्या पुढे न्यायचे. खांद्यापासून चापापर्यंतचे अंतर तेवढेच राहते, फक्त त्या अंतरात आता रायफलीचे पोट असते.

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, नळीच आखूड करा. अमेरिकेने तेच केले. एम१६ ची ५१ सेंटीमीटरची नळी कापून एम४ कार्बाइनमध्ये ती ३७ सेंटीमीटरची केली. पण ५.५६ मिलिमीटरची छोटी गोळी आपले काम वेगाच्या जोरावर करते, आणि तो वेग तिला नळीतच मिळतो. मागून दारूचा वायू ढकलत असताना गोळी जितका जास्त वेळ नळीत राहील तितका तिचा वेग वाढतो. एम१६ च्या तुलनेत एम४ मधून निघणारी गोळी सेकंदाला सुमारे ४०-५० मीटरने मंद असते. जवळच्या अंतरावर हा फरक जाणवत नाही, तीन-चारशे मीटरवर जाणवू लागतो. बुलपपमध्ये हे नुकसान सोसावे लागत नाही. कागदावर तरी सौदा बिनतोड वाटतो.

त्या सौद्याची पहिली किंमत बोटाला कळते. साध्या रायफलीत चाप आणि घोड्याला अडवून धरणारी खाच एकमेकांच्या शेजारी असतात. चाप दाबला की खाच सुटते, घोडा पडतो, काडतूस पेटते. बुलपपमध्ये घोडा मागे दस्त्यात गेला, चाप मात्र पुढे राहिला. दोघांना जोडायला मध्ये लांब पट्टी किंवा सळई टाकावी लागते. जुन्या सायकलच्या सळईवाल्या ब्रेकसारखा हा प्रकार: मूठ दाबली की आधी सांध्यांमधली ढिलाई भरून निघते, मग सळई किंचित वाकते, आणि नंतर कुठे पलीकडे हालचाल पोचते.

नेमबाजाच्या भाषेत चांगला चाप म्हणजे थोडासा मोकळा प्रवास, मग एक ठाम भिंत, आणि ती भिंत काच फुटावी तशी स्वच्छ तुटणे. बुलपपच्या चापात ती भिंत मऊ असते. बोट दाबत जाते, काहीतरी सरकतेय घासतेय एवढे कळते, आणि गोळी नेमकी कधी सुटणार याचा अंदाज लागत नाही. त्यातून नकळत एक सवय लागते: गोळी सुटायच्या बेताला बोट झटका देते, आणि नेम तेवढ्याने हलतो. इस्रायलच्या टॅव्हॉरच्या जड चापाबद्दल कुरकुर इतकी झाली की तिच्या नागरी आवृत्तीसाठी अख्खा चापाचा संचच बदलून देणारे उत्पादक उभे राहिले. सळई अधिक कडक करता येते, घर्षण कमी करता येते, पण ती काढून टाकता येत नाही. शंभर मीटरवर माणसाएवढ्या लक्ष्याला टिपायला असा चाप पुरतो. कागदावरच्या छोट्या वर्तुळासाठी झटणाऱ्या खेळाडूला तो सोसवत नाही. सैन्याची गरज पहिली असते, म्हणून या दोषावर सैन्ये फारशी अडली नाहीत. माझ्या मते तो बराच वाढवूनही सांगितला जातो.

खरी अडचण रिकाम्या पुंगळीची आहे. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे येतो आणि तापलेली पुंगळी बाजूच्या खिडकीतून जोरात बाहेर फेकतो. साध्या रायफलीत ही खिडकी तोंडापासून बऱ्यापैकी पुढे असते. बुलपपमध्ये सगळे यंत्रच गालाखाली आलेले. उजव्या खांद्यावरून झाडली तर पुंगळी उजवीकडे, चेहऱ्यापासून दूर उडते. तीच रायफल डाव्या खांद्याला लावली तर खिडकी थेट तोंडासमोर येते. एल८५ मध्ये तर आणखी एक भर: बोल्ट ओढायचा खटका उजव्या बाजूला आहे आणि तो प्रत्येक गोळीबरोबर मागेपुढे धावतो. डाव्या खांद्यावरून झाडणाऱ्याला पुंगळीच्या आधी हा खटकाच तोंडावर बसेल. ब्रिटिश सैन्याने यावर सरळ उपाय काढला. सगळ्यांनी उजव्या खांद्यावरूनच झाडायचे, डावखुऱ्यांनीसुद्धा.

डावखुऱ्यांची गैरसोय इथवर ठीक, पण उजव्या हाताच्या सैनिकालाही कधी डाव्या खांद्याची गरज पडते. समजा तो भिंतीआड उभा आहे आणि भिंतीच्या डाव्या कडेने पलीकडे पाहायचे आहे. रायफल डाव्या खांद्यावर घेतली तर भिंतीबाहेर नळी, एक डोळा आणि थोडा खांदा एवढेच येते. उजव्या खांद्यावरच ठेवली तर नेम धरण्यासाठी डोके आणि छातीचा बराच भाग उघडा पडतो. गल्लीबोळांत, घराघरांत लढायचे तर असे कोपरे पावलोपावली येतात. आखूड रायफल ज्या अरुंद जागेसाठी बनवली, तिथेच ती अशी अडते.

इतरांनी यातून वाटा काढल्या. ऑस्ट्रियाच्या स्टायर ऑगला दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत. एक झाकणाने बंद ठेवायची, बोल्ट बदलून पुंगळी दुसरीकडून काढायची. फ्रान्सच्या फामासमध्येही बाजू बदलता येते. पण हे काम रायफल उघडून, निवांत बसून करायचे. कोपऱ्यावर पोचल्यावर कोण बोल्ट बदलत बसणार? बेल्जियमच्या एफ२००० ने वेगळेच डोके चालवले. पुंगळ्या नळीच्या वरून एका बोगद्यातून पुढे सरकतात आणि तोंडाजवळून बाहेर पडतात, त्यामुळे दोन्ही खांदे चालतात. किंमत अशी की आत काही अडकले तर ते काढणे अवघड होऊन बसते.

एल८५ च्या पहिल्या आवृत्तीत पुंगळीने आणखी एक खोडी केली. बाहेर पडताना ती कधी त्या धावत्या खटक्यावर आपटायची आणि उलटून यंत्रातच शिरायची. मग रायफल अडकायची. इतर दुखणीही होतीच: मॅगझिनची कळ चुकून दाबली जायची आणि भरलेले मॅगझिन पायाशी पडायचे. अखेर २००० नंतरच्या काही वर्षांत सुमारे दोन लाख रायफली हेकलर अँड कॉख या कंपनीकडून दुरुस्त करून घेतल्या गेल्या. खर्च ९ कोटी २० लाख पौंड. नव्या एल८५ए२ चा खटका पाहिला तर तो स्वल्पविरामासारखा वाकडा दिसतो. ती नक्षी नाही. पुंगळी त्या वळणावर आपटली तर ती आत न जाता पुढे उडावी म्हणून तो आकार दिला आहे.

राहिला तोल. यंत्र मागे, मॅगझिन मागे, म्हणजे वजनही मागे, खांद्याच्या जवळ. याचा एक फायदा खरा आहे. दुसरा हात दार उघडायला किंवा वायरलेस धरायला मोकळा हवा असेल, तर बुलपप एका हाताने तोलून धरणे सोपे जाते, कारण पुढे लोंबणारे ओझे नसते. उलट बाजूही आहे. पुढचे वजन कमी झाले की गोळी सुटताना नळीला जागच्या जागी दाबून ठेवायला काही उरत नाही. सलग गोळ्या झाडताना नळी वर उसळते. एल८५ला हा त्रास कमी होतो, पण तो तिच्या जडपणामुळे. चौपट दुर्बीण आणि भरलेल्या मॅगझिनसह ती जवळपास ५ किलोची आहे. आखूड म्हणजे हलकी, असे इथे मुळीच नाही.

मॅगझिन बदलणेही याच तोलाशी बांधलेले आहे. साध्या रायफलीत डोळा समोर ठेवून, हाताच्या सहज टप्प्यात मॅगझिन बदलता येते. बुलपपमध्ये ते काखेखाली असते. नवशिका मान वाकवून पाहतो आणि तेवढा वेळ त्याची समोरची नजर जाते. सरावाने हे सुधारते. पोटावर पडून झाडताना मात्र सरावही थोडासाच कामी येतो, कारण कोपर आणि मॅगझिन एकाच जागेसाठी भांडतात.

शेवटची गोष्ट दस्त्याची, जिच्यापासून सगळे सुरू झाले. दस्त्यात यंत्र भरले की तो आत-बाहेर सरकवता येत नाही. ठेंगणा सैनिक, उंच सैनिक, छातीवर जाड चिलखत घातलेला सैनिक, सगळ्यांना एकच लांबी. एम४ चा दस्ता सरकतो. पूर्ण बाहेर काढला तर ती ८४ सेंटीमीटर, आत सारला तर ७६. म्हणजे गाडीत बसताना ती एल८५पेक्षाही आखूड होते. ३६ सेंटीमीटरचा फायदा एसएलआरशी तुलना केली तरच दिसतो. सरकत्या दस्त्याशी केली तर तो उरतच नाही, उरतो तो फक्त लांब नळीचा. आणि अमेरिकेने २०१० मध्ये आणलेल्या एम८५५ए१ काडतुसातली दारू आखूड नळीतही नीट जळेल अशी निवडलेली आहे, त्यामुळे ती बाजूही थोडी हलकी झाली.

पुढे काय झाले ते निर्णयांतून दिसते. फ्रान्सने २०१७ पासून फामास काढून साध्या रचनेची एचके४१६ घेतली. चीनने आपल्या बुलपप क्यूबीझेड-९५ नंतर २०१९ मध्ये पुन्हा साध्या रचनेची क्यूबीझेड-१९१ पुढे आणली. खुद्द ब्रिटनच्या विशेष दलांनी एल८५ न घेता कॅनडाची, एम४ च्या घराण्यातली सी८ पसंत केली. ऑस्ट्रेलिया अजून ऑगच्याच सुधारित आवृत्तीवर आहे. भारतात टॅव्हॉर आणि तिची आणखी आखूड एक्स९५ नौदलाच्या मार्कोससारख्या विशेष दलांच्या हातात दिसतात, जिथे बोटीत, विमानात आणि दाराच्या चौकटीत वावरणे रोजचे असते. पायदळासाठी आपण घेतलेल्या एके-२०३ आणि सिग-७१६ या दोन्ही मात्र दस्ता मागे आणि मॅगझिन पुढे, अशा जुन्याच मांडणीच्या आहेत.