वऱ्हाडी संहितांचे प्रशिक्षण आणि जीपीयूची अपुरी स्मृती

बुलढाणा जिल्ह्याच्या वऱ्हाडी बोलीत ‘मला’ऐवजी ‘मले’, ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ आणि ‘काय करतो आहेस’ऐवजी ‘काय करून राह्यला’ अशी रूपे आढळतात. मुख्यतः प्रमाण लेखनावर घडलेल्या भाषा-मॉडेलला त्यांचा परिचय बेताचाच असतो. तो वाढवावयाचा, तर जिल्ह्यातील कथने लिहून घेऊन त्यांवर मॉडेलचे प्रशिक्षण पुढे चालवावे लागते. त्याची रीत अशी की, शंभरांपैकी सुमारे १५ शब्दखंड झाकावयाचे आणि ते मॉडेलने ओळखावयाचे. या कामासाठी गूगलचे `google/muril-base-cased`, म्हणजे म्युरिल, हे मॉडेल घेतले आणि यंत्र म्हणून १६ गीगाबाइट स्मृतीचा टी-४ जीपीयू वापरला, असे समजू. एका बॅचमध्ये १६ उतारे आणि प्रत्येक उतारा ५१२ शब्दखंडांचा ठेवला, तर प्रशिक्षण सुरू होताच पुढील संदेश येऊन ते थांबते.

```
CUDA out of memory. Tried to allocate 6.02 GiB
```

अशा वेळी बॅच निम्मी करावयाची, पुन्हा निम्मी करावयाची, असा सर्वसाधारण परिपाठ आहे. तथापि संदेशातील आकडा आधी वाचावा. म्युरिल १७ भाषांसाठी घडविलेले असल्यामुळे त्याच्या कोशात १,९७,२८५ शब्दखंड आहेत. शेवटच्या थरात मॉडेल प्रत्येक स्थानी या सर्वांना एकेक गुण देते आणि प्रत्येक गुण चार बाइट व्यापतो. आता १६ × ५१२ × १,९७,२८५ × ४ हा गुणाकार केल्यास ६४६ कोटींहून काही अधिक बाइट होतात. एक GiB म्हणजे सुमारे १०७.४ कोटी बाइट. म्हणून भागाकार नेमका ६.०२ येतो. याचा अर्थ असा की स्मृती अडली ती मॉडेलच्या आकारामुळे नव्हे, तर या एका गुणतक्त्यामुळे. शिवाय त्रुटीचे माप काढताना आणि उलट गणना करताना याच आकाराचे आणखी तक्ते लागतात.

यातील विसंगती उघड आहे. ओळखावयाचे असतात शेकडा १५ शब्दखंड. गुण मात्र सर्वच स्थानांना दिले जातात. शेवटच्या थराकडे केवळ झाकलेल्या स्थानांचे सदिश पाठविले, तर ८,१९२ स्थानांऐवजी सुमारे १,२३० स्थाने उरतात आणि तक्ता एका GiB च्या आत येतो. त्रुटीचे माप तेच राहते, कारण उघड्या स्थानांचे गुण त्यात मुळी धरलेच जात नाहीत. मधल्या थरांची फलिते न साठविता ती पुन्हा काढण्याची जी रीत आहे (gradient checkpointing), ती अन्यत्र उपयोगी असली तरी या तक्त्याचा आकार तिळमात्र घटवीत नाही.

मॉडेलच्या रचनेत हात घालणे शक्य नसेल, तर बॅच घटवावी; पण प्रशिक्षणाचा परिणाम बदलू नये म्हणून चार लहान बॅचांचे ग्रेडियंट एकत्र करून मगच एक सुधारणा करावी.

```
per_device_train_batch_size=4
gradient_accumulation_steps=4
```

तक्ता आता दीड GiB चा होतो. येथे एक बारकावा सांभाळावा लागतो. चार लहान बॅचांत झाकलेल्या शब्दखंडांची संख्या सारखी नसते. प्रत्येकीची सरासरी काढून त्या सरासऱ्यांची पुन्हा सरासरी घेतली, तर कमी शब्दखंडांच्या बॅचला अवाजवी वजन मिळते. एकूण त्रुटीला एकूण झाकलेल्या संख्येने भागणे हाच योग्य मार्ग होय.

उताऱ्याची लांबी ५१२ वरून १२८ वर आणल्यानेही तक्ता तितकाच लहान होतो. संवादांची वाक्ये आखूड असल्यास हे इष्टच आहे, कारण एरवी बरीच स्मृती रिकाम्या भरणीवर खर्च होते. मात्र लोककथांची गोष्ट निराळी. ‘मंग’ने जोडत नेलेले कथन लांबत जाते आणि अपरिचित बोलीरूपांचे अधिक तुकडे पडत असल्याने ते आणखी वाढते. `truncation=True, max_length=128` एवढेच लिहिले, तर १२८ नंतरचा सर्व मजकूर गाळला जातो आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. प्रशिक्षण सुरळीत चालते. केवळ प्रत्येक कथेचा शेवट मॉडेलपर्यंत पोहोचत नाही. स्मृतीचा संदेश येऊन काम थांबणे त्या मानाने बरे. म्हणून उतारा आधी तुकड्यांत विभागावा, छाटू नये.

बॅच घटविण्यालाही मर्यादा आहे. म्युरिलचे सुमारे २३.७ कोटी पॅरामीटर, त्यांचे ग्रेडियंट आणि ॲडम पद्धतीच्या दोन नोंदी मिळून प्रत्येक पॅरामीटरमागे १६ बाइट, म्हणजे जवळजवळ ३.८ गीगाबाइट लागतात. हा भार बॅच एकची केली तरी तसाच राहतो. ॲडमच्या नोंदी पहिल्या सुधारणेच्या वेळी तयार होतात; त्यामुळे पहिली फेरी पार पडून दुसरीत काम अडले, तर संशय याच भारावर घ्यावा. चार गीगाबाइटच्या कार्डावर मग शब्दखंडांचे सदिश गोठविणे हा एक उपाय उरतो. त्यांत १५ कोटींहून अधिक पॅरामीटर असल्याने सुमारे १.८ गीगाबाइट मोकळे होतात. परंतु ‘डोया’ किंवा ‘मले’ यांच्या तुकड्यांना नवा अर्थ मिळावयाचा तो पुष्कळसा याच सदिशांत. ते गोठविल्यास बोलीचा भार वरच्या बारा थरांवर पडतो.