पाळी शाबूत, कान लाल

माझ्या भाचीनं लग्नसराईच्या तोंडावर कानाच्या वरच्या कडेला बुगडीसाठी भोक पाडून घेतलं. पाळीला दोन भोकं आधीपासून होतीच, तिसऱ्याचं काय एवढं, असं घरात सगळ्यांनाच वाटलं. पहिले तीन दिवस थोडी सूज होती. चौथ्या रात्री ठणका सुरू झाला आणि त्या कुशीवर झोपणं अशक्य झालं. जवळच्या डॉक्टरांनी नेहमीचं अँटिबायोटिक दिलं. पुढच्या तीन दिवसांत लाली भोकापासून पसरत अख्खा वरचा कान लालभडक झाला. कान डोक्यापासून पुढं आल्यासारखा दिसू लागला आणि त्याच्या घड्या बुजल्या.

सातव्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी भोकाकडे पाहण्याआधी पाळी चिमटीत धरून पाहिली. ती मऊ होती, नेहमीच्या रंगाची होती आणि दाबली तरी दुखत नव्हती. "पाळी शाबूत आहे, म्हणजे आजार कूर्चेच्या आवरणाचा आहे," ते म्हणाले. या आजाराला पेरिकॉन्ड्रायटिस म्हणतात. त्या सात दिवसांत आम्ही जे जे चुकीचं समजत होतो, ते इथं एकेक करून मांडते.

गैरसमज : कान तो कान, पाळी टोचली काय किंवा वरची कड टोचली काय, सारखंच.

वस्तुस्थिती : पाळी चरबी आणि मऊ तंतूंची असते. तिच्यात रक्तवाहिन्या भरपूर असतात. जंतू शिरले तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं लगेच पोचतात, औषधही पोचतं आणि पू झाला तर तो बहुधा भोकावाटेच बाहेर येतो.

कानाचा वरचा भाग मात्र कूर्चेचा असतो. बोटांनी दुमडला तर पुन्हा ताठ होतो तो याच कूर्चेमुळे. कूर्चेला स्वतःची एकही रक्तवाहिनी नसते. तिच्या दोन्ही बाजूंना घट्ट चिकटलेलं एक पातळ आवरण असतं, रक्तवाहिन्या त्या आवरणात असतात आणि तिथून पोषण झिरपत कूर्चेपर्यंत जातं. म्हणजे कूर्चा जगते ती शेजाऱ्याच्या ओलाव्यावर. जंतू याच आवरणात शिरले की कूर्चेचं पोषण आणि तिचं संरक्षण दोन्ही एकदम धोक्यात येतात. अँटिबायोटिकलाही झिरपण्याखेरीज दुसरी वाट नसते. शिवाय कानाच्या पुढच्या बाजूची त्वचा कूर्चेला इतकी लगटून असते की सुजेला पसरायला जागाच मिळत नाही. म्हणून दुखणं पाळीच्या मानानं फार जास्त असतं.

पाळीत कूर्चा नसते, त्यामुळे हा आजार पाळीच्या सीमेवर थांबतो. वरचा कान लाल, गरम आणि दुखरा, पण पाळी जशीच्या तशी, ही त्याची ओळख घरच्या घरी पटण्यासारखी आहे. मात्र कानामागच्या हाडावर सूज किंवा दुखणं असेल, तर ते वेगळं आणि तातडीचं दुखणं असू शकतं.

गैरसमज : कोणतंही अँटिबायोटिक घेतलं की उतरेल.

वस्तुस्थिती : पाळीच्या संसर्गात बहुधा त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस हा जंतू असतो. नेहमीची औषधं त्याच्यासाठीच दिली जातात. टोचलेल्या कूर्चेत मात्र वारंवार सापडतो तो स्यूडोमोनास. हा पाण्यात आणि ओलसर जागी वाढणारा जंतू आहे. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलनेट किंवा सेफॅलेक्सिन यांसारख्या रोजच्या गोळ्या त्याच्यावर चालत नाहीत. त्याच्यासाठी प्रौढांमध्ये सहसा सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातलं औषध द्यावं लागतं. मुलांमध्ये त्याचा निर्णय डॉक्टर विचारपूर्वक घेतात. दुखणं फार वाढलेलं असेल तर शिरेतून औषधं द्यावी लागतात. पू मिळाला तर तो तपासणीला पाठवतात, कारण जंतू कळला की औषध नेमकं निवडता येतं.

माझ्या भाचीचे तीन दिवस गेले ते इथं. गोळी चांगली होती, पण या जंतूसाठी नव्हती. म्हणून डॉक्टरांकडे जाल तेव्हा "कान दुखतोय" एवढंच सांगू नका. कूर्चेला टोचलं आहे आणि अमुक दिवशी टोचलं आहे, हे आवर्जून सांगा.

गैरसमज : दाबून पू काढला, हळद-तेल लावलं की बसतं.

वस्तुस्थिती : कूर्चेतला पू भोकात नसतो. तो आवरण आणि कूर्चा यांच्या मध्ये साठतो आणि आवरणाला कूर्चेपासून उचलून धरतो. जिथं आवरण सुटलं तिथं कूर्चेचं पोषण तुटलं. दाबल्यानं पू आणखी पसरतो आणि तेल-हळदीचा लेप भोकाचं तोंड बुजवतो.

सुजेत बोटाला मऊ, डुचमळणारा फुगा लागला, तर गोळ्यांवर वाट पाहण्याची वेळ संपलेली असते. चीर देऊन पू काढावा लागतो, मेलेली कूर्चा असेल तर तीही काढावी लागते. मग आवरण पुन्हा कूर्चेला टेकावं म्हणून दाब देणारी पट्टी बांधतात. उशीर झाला तर कूर्चा विरघळते आणि कान आक्रसून वेडावाकडा होतो. गेलेली कूर्चा पूर्वीसारखी पुन्हा भरून येत नाही. पाळीचा संसर्ग बरा झाल्यावर मागे फारसं काही उरत नाही, इथं कानाचा आकारच जाऊ शकतो.

गैरसमज : जंतुनाशक फवारलं होतं, म्हणजे धोका नव्हता.

वस्तुस्थिती : 2000 साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात दागिन्यांच्या एका छोट्या स्टॉलवर कान टोचून घेतलेल्या मुलामुलींना एकामागून एक असा संसर्ग झाला. स्यूडोमोनासची खात्री झालेले 7 रुग्ण होते, सगळे 10 ते 19 वर्षांचे. शोध घेतल्यावर तो जंतू जंतुनाशकाच्याच बाटलीत सापडला. त्यातले चौघे रुग्णालयात दाखल झाले, चौघांवर शस्त्रक्रिया झाली आणि काहींचे कान कायमचे बिघडले. बहुतेकांना सुरुवातीला या जंतूवर न चालणारंच औषध मिळालं होतं.

फवारणी म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. टोचण्याच्या गनचे प्लॅस्टिकचे भाग दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करता येत नाहीत, आणि गन बोथट खडा जोरानं आत रेटते. कूर्चेसाठी समोर फोडलेली, एकदाच वापरायची निर्जंतुक पोकळ सुई आणि नवे हातमोजे मागा. सोनाराकडे गेलात तरी हेच विचारा.

गैरसमज : महिना झाला, भोक बरं झालं.

वस्तुस्थिती : पाळी साधारण 6 ते 8 आठवड्यांत भरते. कूर्चेला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. तोवर निर्जंतुक सलाइननं हलक्या हातानं पुसणं पुरे. दागिना फिरवत राहणं, स्पिरिट ओतणं आणि जखम ताजी असताना विहिरीत किंवा तलावात पोहणं टाळा. पहिल्या दोन-तीन दिवसांत सूज आणि भोकाभोवती लाली असणं स्वाभाविक आहे. त्यानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढू लागलं, लाली भोकापासून दूर सरकली किंवा कानाच्या घड्या बुजू लागल्या, तर त्याच दिवशी दाखवा.

भाचीची बुगडी त्या दिवशी काढली गेली. "भोक बुजेल" म्हणून ती रडली. औषध बदलल्यावर दोन दिवसांत ठणका उतरला, पू झालेला नव्हता, कान वाचला. बुजलं ते फक्त भोक.