‘होऊन जाईल’ म्हणजे ठरलं नाही

भाचीच्या लग्नाआधी केटररचे मेसेज मी पुन्हा वाचले. ‘जिलेबीऐवजी बासुंदी जमेल का?’ यावर उत्तर होतं, ‘होऊन जाईल ताई.’ दराचा उल्लेख नाही. त्यानंतर त्यांनी पाठवलेल्या मेनूत जिलेबीच होती. म्हणजे बासुंदी ठरलीच नव्हती.

माणसांचा आकडा आम्ही ‘साधारण 350’ लिहिला होता. त्यांनी लिहिलं, ‘300 ताटांची गॅरंटी, वरची ताटं त्याच दराने.’ त्यावर आमचं ‘ओके’ गेलं होतं, म्हणून 270 जण जेवले तरी पैसे 300 ताटांचे. पाण्याच्या बाटल्यांबद्दल मात्र नुसतं ‘वेगळे लागतील’. रक्कम नाही, आमचा होकारही नाही.

आगाऊ रक्कम देण्याआधी पदार्थ, ताटं आणि वरखर्च एकाच मेसेजमध्ये लिहा आणि त्यावर केटररचा स्पष्ट होकार घ्या.